न सांगता आलेला पासपोर्टचा स्कॅन: उघडण्यापासून पुसण्यापर्यंत

विषयाची जागा रिकामी, मजकूर शून्य आणि खाली जोडलेली एकच फाइल: `Scan_0012.pdf`. उघडली तर कुणाच्या तरी पासपोर्टचं फोटोचं पान. नोंदणी, भरती, प्रवेश, निवासव्यवस्था, ग्राहकसेवा यांपैकी कुठलंही टेबल सांभाळणाऱ्याकडे असा मेल कधी ना कधी येतोच. नवख्या माणसाच्या हातून इथे दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर तो ‘मिळालं, धन्यवाद’ लिहून मोकळा होतो, नाहीतर पाठवणाऱ्याला काय हवं असेल ते स्वतःच ठरवून टाकतो आणि कामाला लागतो. ‘मिळालं’ वाचून समोरच्याला वाटतं, काम सुरू झालं. प्रत्यक्षात ती फाइल इनबॉक्समध्ये बेवारस पडून राहते. आणि अंदाजाने केलेलं काम चुकलं, तर तोवर तो क्रमांक एखाद्या फॉर्ममध्ये, कुणाच्या तरी मेलमध्ये आणि एखाद्या एक्सेलच्या तक्त्यात जाऊन बसलेला असतो. तिथून तो परत गोळा करता येत नाही.

खाली पासपोर्टचंच उदाहरण घेतलं आहे, कारण त्याच्या पानाची मांडणी जगभर जवळपास एकसारखी आहे. इतर ओळखपत्रांनाही हाच क्रम लागू पडतो.

उघडण्याआधी

पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता पाहा. नुसतं दिसणारं नाव पुरत नाही. मग फाइलचं शेपूट पाहा. स्कॅन बहुधा `.pdf`, `.jpg`, `.png` किंवा आयफोनवरून आला असेल तर `.heic` असतो. `.zip`, `.html` किंवा `Scan_0012.pdf.exe` असं दुहेरी शेपूट दिसलं तर उघडू नका. तसली फाइल तांत्रिक विभागाने पाहायची असते.

फाइल ठीक वाटली तर ती मेलमधल्या मेलमध्ये, प्रीव्ह्यूमध्येच पाहा. डाउनलोड केली की Downloads फोल्डरमध्ये एक जास्तीची प्रत तयार होते, आणि नेमकी तीच पुढे पुसायची राहून जाते. ऑनलाइन बैठकीत स्क्रीन शेअर केलेली असेल तर आधी ती बंद करा. स्कॅन फोनवर चॅटमधून आला असेल, तर आलेले फोटो आपोआप गॅलरीत साठवण्याची सोय चालू आहे का ते तपासा. ती चालू असेल आणि गॅलरीचा क्लाउडवर बॅकअप होत असेल, तर तुम्ही काही करण्याआधीच त्या पानाच्या तीन प्रती झाल्या: चॅटमध्ये, गॅलरीत आणि क्लाउडवर.

एकदाच, पण नीट पाहा

या पाहण्यात चार गोष्टी ठरवायच्या: कागद कोणता, पानं किती, कुणाकुणाचा आणि कुठे काय उघडं दिसतं. एवढंच. क्रमांक वाचायचा नाही, टिपायचा तर नाहीच.

पानं शेवटपर्यंत सरकवा. पहिलं पान पाठवणाऱ्याचं आणि दुसरं त्याच्या मुलाच्या पासपोर्टचं, असं बऱ्याचदा निघतं. घरातले सगळे पासपोर्ट एकाच दमात स्कॅन केलेले असतात. मग त्या फाइलमध्ये दोन माणसांची माहिती आहे, त्यांतलं एक अल्पवयीन आहे आणि त्याच्या वतीने कुणी काही सांगितलेलं नाही. काही देशांच्या पासपोर्टात शेवटच्या पानावर पत्ता आणि आईवडिलांची नावं असतात. तेही सोबत आलं आहे का ते पाहा.

आता फोटोच्या पानाकडे. वरच्या भागात नाव, जन्मतारीख, क्रमांक, मुदत आणि सही आहे हे कुणालाही कळतं. नजरेतून सुटते ती तळाची, बाणांनी भरलेल्या दोन ओळींची पट्टी. यंत्राने वाचायची म्हणून तिला एमआरझेड म्हणतात. प्रत्येक ओळीत ४४ अक्षरं असतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आपल्या प्रमाणपुस्तिकेत एका काल्पनिक देशाच्या काल्पनिक बाईंचा नमुना दिलेला आहे. तो असा:

```
P<UTOERIKSSON<<ANNA<MARIA<<<<<<<<<<<<<<<<<<<
L898902C36UTO7408122F1204159ZE184226B<<<<<10
```

दुसरी ओळ डावीकडून वाचा. पहिली नऊ अक्षरं पासपोर्टचा क्रमांक. त्यानंतरचा `6` हा तपासणी आकडा. मग देश, मग `740812` म्हणजे १२ ऑगस्ट १९७४ ही जन्मतारीख आणि तिचा तपासणी आकडा, मग `F` म्हणजे स्त्री, मग `120415` म्हणजे १५ एप्रिल २०१२ ही मुदत. थोडक्यात, वरच्या पानावरचं जवळजवळ सगळं खाली पुन्हा एका ओळीत छापलेलं असतं. वरचा क्रमांक काळा करून खालची पट्टी तशीच ठेवलेले स्कॅन रोज येतात. पाठवणाऱ्याला वाटतं आपण झाकून पाठवलं. प्रत्यक्षात काहीच झाकलेलं नसतं.

तपासणी आकड्याचं गणित एकदा समजून घेण्यासारखं आहे. क्रमांकाच्या प्रत्येक अक्षराला ७, ३, १, ७, ३, १ अशा फिरत्या वजनांनी गुणायचं (A म्हणजे १०, B म्हणजे ११, असं पुढे), बेरीज करायची आणि शेवटचा आकडा घ्यायचा. वरच्या नमुन्यात बेरीज ३१६ येते, म्हणून ६. आता समजा कुणी त्यातला चौथा आकडा झाकला. बाकीच्यांची बेरीज २६० होते. चौथ्या जागेचं वजन ७ आहे, तेव्हा सातने गुणून शेवटी ६ यायला हवेत. ० ते ९ मध्ये असा एकच आकडा आहे: आठ, कारण सात आठे छप्पन्न. झाकलेला आकडा मिळाला, कागदपेन्सिलवर, अर्ध्या मिनिटात. म्हणून ‘एक आकडा झाकला आहे’ हे झाकणं नव्हे.

क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत या तीन गोष्टी एकत्र असण्याचं आणखी एक महत्त्व आहे. चिप असलेल्या पासपोर्टात चिप उघडण्याची मूळ किल्ली याच तिघांपासून तयार होते. अर्थात चिप वाचायला पुस्तिका यंत्राच्या अगदी जवळ लागते, नुसता स्कॅन असून चिप वाचता येत नाही. पण तिन्ही एकाच ओळीत शेजारी शेजारी छापलेली आहेत, त्यामुळे ही पट्टी म्हणजे त्या पानावरची सगळ्यात जपण्याची जागा.

नोंद करा, पण प्रकाराची

पाहून झालं की लगेच नोंद करायची. नोंदीत काय *दिसतं* ते लिहायचं, काय *लिहिलेलं आहे* ते नाही. अशी:

> मेल, शुक्रवार सायं. ५.४०. विषय व मजकूर नाही. १ फाइल, २ पानं. पान १: पासपोर्ट, फोटोचं पान, प्रौढ व्यक्ती, आडनाव पाठवणाऱ्याशी जुळतं. पान २: पासपोर्ट, फोटोचं पान, अल्पवयीन. दोन्हींत क्रमांक, जन्मतारीख, सही, तळाची पट्टी उघडी. डाउनलोड केलेलं नाही. हेतू विचारायचा आहे.

ही नोंद दुसऱ्या दिवशी टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला पुरते. त्याला फाइल उघडावी लागत नाही, आणि नोंद भलत्याच्या हाती पडली तरी त्यातून काही निसटत नाही. ‘शेवटचे चार आकडे तरी लिहू, ओळखायला बरं’ असा मोह इथे होतो. दहा पासपोर्टांमधून एक निवडायचा असेल तेव्हा त्याला अर्थ आहे. एकच फाइल आली असताना तारीख आणि वेळ तिची ओळख पटवायला पुरेशी असते.

फाइल साठवावीच लागली तर तिच्या नावातही क्रमांक नको आणि जन्मतारीखही नको. फाइलचं नाव शोधात दिसतं, ‘अलीकडच्या फाइल’च्या यादीत दिसतं, मेलला जोडलं की पुन्हा दिसतं. नोंदवहीतला अनुक्रमांक द्या, तेवढं बास.

उत्तरात क्रमांक का लिहायचा नाही

नवखे लोक हमखास विचारतात: ज्याने पाठवला त्याला स्वतःचा क्रमांक ठाऊकच आहे. मग ‘आपला अमुक क्रमांकाचा पासपोर्ट मिळाला’ असं लिहिलं तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते असं. स्कॅन म्हणजे चित्र, आणि तुम्ही टाइप केलेला क्रमांक म्हणजे मजकूर. चित्रातला क्रमांक शोधायला कुणाला तरी फाइल उघडावी लागते किंवा चित्रातली अक्षरं ओळखणारी सोय लागते. मजकुरातला क्रमांक साध्या शोधात सापडतो, पुढच्या प्रत्येक उत्तराखाली आपोआप चिकटून जातो, प्रतीत असलेल्या सगळ्यांपर्यंत पोचतो आणि कुलूप लावलेल्या फोनच्या पडद्यावर सूचनेतही झळकू शकतो. उत्तर देताना बहुतेक मेल प्रोग्राम जुनी फाइल पुन्हा जोडत नाहीत, म्हणजे फाइल जिथे थांबते तिथूनही मजकूर पुढे जातो. शिवाय फोनचा कीबोर्ड टाइप केलेले शब्द लक्षात ठेवून पुढे सुचवतो, आणि कॉपी केलेला क्रमांक क्लिपबोर्डच्या इतिहासात राहू शकतो.

दुसरं कारण असं, की मेल पाठवणारा आणि तुमचं उत्तर वाचणारा माणूस एकच असेल याची खात्री नसते. घरात एकाच पत्त्यावर चौघांचे मेल येतात. कधी कचेरीतला सहायक साहेबांच्या नावाने मेल पाहतो.

फोनवरही हाच नियम. समोरचा म्हणाला, ‘क्रमांक बरोबर दिसतोय का, जरा वाचून दाखवा,’ तर वाचायचं नाही. त्यांना सांगा: ‘तुमचा पासपोर्ट समोर घ्या आणि तुम्हीच ताडून पाहा; स्कॅनमध्ये क्रमांकाची जागा स्पष्ट दिसते आहे.’ अस्पष्ट असेल तर ‘उजवीकडची दोन अक्षरं चकाकीत गेली आहेत’ असं सांगता येतं, अक्षरं न उच्चारता.

हेतू कसा विचारायचा

उत्तर छोटं असावं आणि त्यात चार गोष्टी असाव्यात: काय आलं, त्याचं काय केलेलं नाही, प्रश्न, आणि किती दिवसांत काय होईल. वरच्या दोन पानांच्या मेलला असं उत्तर जाईल:

> नमस्कार,
> आज सायंकाळी तुमच्याकडून एक फाइल आली. तिच्यात दोन पासपोर्टांची फोटोची पानं आहेत, सोबत मजकूर नाही. तिच्यातली माहिती आम्ही कुठेही उतरवून घेतलेली किंवा पुढे पाठवलेली नाही.
> ही पानं कोणत्या कामासाठी पाठवली आहेत ते कळवाल का? दुसरं पान मुद्दाम जोडलं आहे की चुकून आलं, तेही सांगावं.
> पुढच्या शुक्रवारपर्यंत कळलं नाही तर फाइल आमच्याकडून पुसून टाकू. नंतर काम निघालं तर पुन्हा मागवता येईल.
> तूर्त आणखी काही कागदपत्रं पाठवू नका.

शेवटची ओळ अनेकांना तुसडी वाटते. ती काढू नका. ‘कशासाठी?’ असं विचारलं की घाबरून लोक आणखी दोन ओळखपत्रं आणि बँकेचं पासबुक पाठवतात. त्यांना वाटतं, पहिला कागद पुरला नाही. ती ओळ हे थांबवते.

प्रश्न उघडा ठेवा. ‘हे नोंदणीसाठी आहे ना?’ असं विचारलं तर दहांतले बरेच ‘हो’ म्हणतील, कारण तुम्हीच पर्याय हातात दिलात. खरा हेतू काही वेगळाच असतो आणि तो दडून राहतो. शिवाय पाठवणारा जर भलताच कुणी असेल, दुसऱ्याचा पासपोर्ट घेऊन तुमच्याकडे काय चालतं ते चाचपणारा, तर तुमचा तयार पर्याय त्याला आयतं उत्तर देऊन जातो. एखाद्याला खरोखरच लिहायला जमत नसेल, तर फोन करून विचारा. पण तो फोन तुमच्या जुन्या नोंदीतल्या नंबरवर करा, त्या मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

उत्तर पाठवण्याआधी ‘प्रति’ची जागा पाहा. मूळ मेल समूहाला गेला असेल तर तुमचं उत्तर फक्त पाठवणाऱ्यालाच जायला हवं. समूहातल्या बाकीच्यांनी त्या फाइलचं काय करायचं हा वेगळा मेल, आणि त्यात फक्त ‘ती फाइल उघडू नका, तुमच्याकडून पुसा’ एवढंच.

थांबण्याचे दिवस

उत्तर येईपर्यंत फाइल जिथे आली तिथेच राहू द्या. सामायिक फोल्डरमध्ये टाकू नका, सहकाऱ्याला ‘बघ रे हे काय आहे’ म्हणून फॉरवर्ड करू नका. त्याला विचारायचंच असेल तर तुमची नोंद दाखवा. छापील प्रत काढू नका. प्रिंटरच्या ताटात विसरलेला पासपोर्टचा कागद हा सगळ्यात जुना अपघात आहे आणि अजूनही होतो. इनबॉक्स अनेक जण वापरत असतील तर मेलवर ‘हेतू विचारला’ अशी खूण लावा, म्हणजे सोमवारी दुसरा कुणी तो मेल ताजा समजून कामाला लागणार नाही.

मुदत किती ठेवायची? बहुतेक टेबलांना सात दिवस पुरतात. संस्थेचा लेखी नियम असेल तर तोच पाळा. मुदतीच्या दोन दिवस आधी एकदा आठवण करायची, तीही क्रमांक न लिहिता.

उत्तर आलं: प्रमाणपत्रावरच्या नावाचा किस्सा

समजा त्या मेलचं उत्तर असं आलं: ‘कार्यशाळेच्या प्रमाणपत्रावर माझं नाव पासपोर्टप्रमाणे हवं आहे. दुसरं पान मुलीचं, चुकून आलं.’

म्हणजे या कामाला पासपोर्टातली लागते ती एकच गोष्ट: नावाची वर्तनी. क्रमांक नको, जन्मतारीख नको, फोटो नको, पट्टी तर नकोच. अंदाजाने कामाला लागलेल्या माणसाने मात्र शुक्रवारीच दोन्ही क्रमांक निवासाच्या यादीत चढवले असते आणि यादी बाहेर पाठवलीही असती.

आता नाव स्कॅनवरून उतरवून घ्यायचं का? तेही नको. त्यांनाच मेलमध्ये टाइप करायला सांगा. कारण साधं आहे: प्रमाणपत्रावर नाव चुकलं तर निस्तरणं तुमच्याकडे येतं, आणि स्कॅनमधून वाचताना चुका होतात. तळाच्या पट्टीवरून नाव उचलणाऱ्यांची तर हमखास फसगत होते. पट्टीत फक्त A ते Z, आकडे आणि बाण चालतात. नावातली खास चिन्हं तिथे साध्या अक्षरांत बदललेली असतात, ‘Ö’चं ‘OE’ झालेलं असू शकतं, जोडरेघेच्या जागी बाण येतो, आणि नाव लांब असेल तर ते ओळीत मावत नाही म्हणून तुटतं. नाव पाहायचंच तर वरच्या भागातलं पाहा.

तेव्हा दुसरं उत्तर जातं: ‘प्रमाणपत्रावर हवं तसं नाव इथे टाइप करून पाठवा. त्यासाठी पासपोर्ट लागत नाही. दोन्ही पानं आज पुसत आहोत.’ काम संपलं.

उलट हेतू असाही निघू शकतो की क्रमांक खरोखरच लागतो: विमानाचं तिकीट, प्रवेशपरवाना, कायद्याने सक्तीची नोंद. अशा वेळी आधी एवढंच पाहा की ते काम तुमच्याच टेबलाचं आहे का. नसेल तर फाइल पुढे सरकवू नका. योग्य टेबलाचा पत्ता पाठवणाऱ्याला द्या आणि तुमच्याकडची प्रत पुसा. काम तुमचंच असेल तर क्रमांक स्कॅन पाहून थेट त्या फॉर्ममध्ये भरा, मध्ये कुठे चॅटवर किंवा चिठ्ठीवर उतरवून नाही. O आणि 0, I आणि 1, B आणि 8 यांची अदलाबदल ही नेहमीची चूक. क्रमांकाशेजारचा तपासणी आकडा इथे तुमच्या बाजूने उभा राहतो: पट्टी वाचणारे फॉर्म तो आपोआप ताडतात आणि बहुतेक चुका तिथेच अडतात. पण सगळ्या नव्हेत. B म्हणजे ११ आणि 1, दोन्हींचा शेवट एकाच आकड्याने होतो, तेव्हा B च्या जागी 1 पडला तर गणित ‘ठीक’ म्हणूनच सांगेल.

दोन पासपोर्टांतला एकच हवा असेल, तर ‘फक्त पहिलं पान पुन्हा पाठवा’ म्हणून जुनी फाइल पुसणं हे स्वतः पान कापत बसण्यापेक्षा बरं.

झाकलेली प्रत मागायची तर

कधी कधी पुरावा म्हणून पान लागतं, पण त्यावरचं सगळं लागत नाही. मग झाकलेली प्रत मागवा, आणि काय उघडं हवं ते सांगा: ‘नाव, फोटो आणि मुदत दिसू द्या. क्रमांक, जन्मतारीख, सही आणि तळाच्या दोन ओळी पूर्ण झाका. मधोमध कामाचं नाव आणि तारीख लिहा.’ पट्टीचा उल्लेख केल्याशिवाय ती कुणी झाकत नाही. पट्टी झाकल्यावरही क्रमांक पानाच्या कडेला छिद्रांनी कोरलेला असू शकतो. तोही पाहायला सांगा.

झाकण्याच्या तीन पद्धती फसव्या आहेत. पहिली, पीडीएफवर काळा चौकोन ठेवणं. चौकोन वरती बसतो, खालचा मजकूर जागचा हलत नाही. तपासायची युक्ती सोपी: फाइल उघडून `Ctrl+A`, मग `Ctrl+C`, आणि रिकाम्या पानावर `Ctrl+V`. स्कॅनरने अक्षरं ओळखून आत मजकुराचा थर ठेवला असेल, तर झाकलेला क्रमांक तिथे येऊन पडतो. काही आलं नाही तरी गाफील राहू नका: चौकोन वेगळी वस्तू म्हणून बसलेला असेल तर संपादनाच्या प्रोग्राममध्ये तो माउसने बाजूला ओढता येतो.

दुसरी, फोनमधला काळा हायलायटर. तो थोडा पारदर्शक असतो. चित्राचा उजेड वाढवला की खालचे आकडे डोकं वर काढतात. भरीव आकार किंवा कडक ब्रश वापरायचा.

तिसरी, नुसतं कापणं. वर्डसारख्या प्रोग्राममध्ये कापलेल्या चित्राचा कापलेला भाग फाइलमध्ये शिल्लक राहू शकतो आणि ‘रीसेट’ केलं की परत येतो. २०२३ साली पिक्सेल फोनच्या मार्कअप साधनात असाच दोष उघडकीस आला होता: कापलेल्या स्क्रीनशॉटच्या फाइलमधून कापलेला भाग बराचसा परत मिळवता येत होता. विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तसंच निघालं. दोन्हींना दुरुस्त्या आल्या, पण त्याआधी पाठवलेल्या फाइली तशाच फिरत राहिल्या.

कमीत कमी त्रासाचा मार्ग हा: झाकलेलं पान पडद्यावर पूर्ण दाखवून त्याचा नवा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तोच पाठवायचा. नव्या चित्रात जुन्या फाइलचं काहीच उतरत नाही, फोटो कुठे काढला ते ठिकाणही नाही. खरं तर याहून सोपं म्हणजे कागदाची चिठ्ठी. पासपोर्टवर ती ठेवून फोटो काढला तर लपवायला काही उरतच नाही.

पुसणं

पुसण्याच्या जागा नोंदीवरून काढा, आठवणीवरून नाही. म्हणूनच नोंदीत ‘डाउनलोड केलेलं नाही’ हे आधी लिहायचं असतं. मेल पुसला की तो ट्रॅशमध्ये जातो. जीमेलमध्ये तिथे ३० दिवस राहतो, म्हणून ट्रॅशमधूनही काढा. त्यानंतर Sent पाहा, कुणाला फॉरवर्ड झाला असेल तर. मग Downloads, मग रिसायकल बिन. चॅटमधून आला असेल तर संदेश पुसल्यावर गॅलरी आणि गॅलरीतला ‘अलीकडे पुसलेले’ हा कप्पा, दोन्ही पाहा. संस्थेच्या बॅकअपमधली प्रत तुमच्या हातात नसते. ती किती दिवस राहते ते तांत्रिक विभागाला विचारून ठेवा आणि पाठवणाऱ्याला ‘कायमचं पुसलं’ असं ठोकून सांगू नका. ‘आमच्या इनबॉक्समधून आणि ट्रॅशमधून काढलं’ एवढंच खरं असतं, तेवढंच लिहा.

चुकीच्या पत्त्यावर आलेल्या फाइलचंही हेच, फक्त मुदतीची वाट न पाहता. ‘हा मेल तुम्हाला ज्यांना पाठवायचा होता ते आम्ही नाही, फाइल पुसली आहे’ असं कळवायचं. मूळ मेलचं उत्तर म्हणून नव्हे, नवा मेल उघडून, म्हणजे खाली जुनं काही चिकटत नाही.

शेवटी नोंदीत एक ओळ जोडायची: ‘हेतू: प्रमाणपत्रावरील नाव. पासपोर्टची गरज नव्हती. दोन्ही पानं इनबॉक्स व ट्रॅशमधून पुसली, सोमवार सकाळी ११.’ नोंद ठेवता येते. तिच्यात पुसण्यासारखं काहीच नाही.